दहा वाक्यांतलं एक वाक्य

रात्री पावणेबाराला मावसबहिणीचा मेसेज आला. आधी एका अनोळखी माणसाच्या लिखाणाचा स्क्रीनशॉट, त्याखाली तिने त्याला लिहिलेलं उत्तर आणि शेवटी, "दादा, पाठवू का?" ती गणिताच्या शिकवण्या घेते आणि मी दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासून पोट भरतो, त्यामुळे असली कामं माझ्याकडेच येतात. मी लिहिलं, "आता नको. सकाळी बोलू." तिने रागाचा चेहरा पाठवला, पण उत्तर मात्र थांबवलं.

त्या गृहस्थांनी लिहिलं होतं ते असं:

"दहा वर्षांच्या मुलीला शाळेत सांगितलंय, उद्या बाराचा पाढा तोंडपाठ हवा. कशासाठी? प्रत्येकाच्या खिशात कॅल्क्युलेटर आहे. गुणाकार म्हणजे काय ते तिला नीट कळतं. गणित म्हणजे समज, पोपटपंची नव्हे. काल रात्री ती रडत झोपली. ज्यांना शिकवता येत नाही ते पाठ करायला लावतात."

आणि बहिणीचं उत्तर:

"तुमच्यासारख्या अतिशहाण्या पालकांमुळेच आजची पिढी वाया चालली आहे. कॅल्क्युलेटर आहे म्हणे! उद्या म्हणाल, गाडी आहे, मग मुलांना चालायला तरी कशाला शिकवायचं? मी अकरा वर्षं गणित शिकवतेय, मला तुमच्यापेक्षा जरा जास्तच कळतं. पाढे न येणारी मुलं पुढे बीजगणितात कशा गटांगळ्या खातात ते मी रोज बघते. एक पाढा पाठ करायला सांगितला की लगेच रडारड, आणि आईबाप शाळेच्या नावाने खडे फोडायला तयार. शिकवता येत नाही ते पाठ करायला लावतात?? आधी एकदा वर्गासमोर उभं राहून दाखवा, मग बोला. सगळ्यांना सगळं आयतं हवं. कीव येते."

हे लिहायला तिला पाच-सहा मिनिटं लागली असतील. सकाळी ते बदलायला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासात काय काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो.

मी आधी तिला एकच काम दिलं. तुझं उत्तर कागदावर उतरव आणि प्रत्येक वाक्यापुढे लिही की ते माणसाबद्दल आहे की मुद्द्याबद्दल. वाक्यं दहा. गाडीचं वाक्य मुद्द्याबद्दल आहे असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, चालणं आणि पाढे यांत सारखं काय आहे ते त्या वाक्यात कुठेच नाही, ते फक्त चिमटा काढतंय. थोडी हुज्जत घालून तिने ते खोडलं. शेवटी उरलं एकच वाक्य: पाढे न येणारी मुलं बीजगणितात गटांगळ्या खातात. बाकीची नऊ वाक्यं एका अनोळखी माणसाचं शहाणपण, त्याचं पालकपण आणि त्याचा आळस यांबद्दल होती, आणि त्या माणसाची तिला सहा-सात वाक्यांपलीकडे काहीच माहिती नव्हती.

मग मी तिला उलट बाजूने विचारलं. त्या गृहस्थांच्या कुठल्या वाक्याला तू उत्तर दिलंयस? ती पटकन म्हणाली, "कॅल्क्युलेटरच्या." पण कागद वेगळंच सांगत होता. सातवं वाक्य पाहा. त्यांचं शेवटचं वाक्य तिने जसंच्या तसं उचलून पुढे दोन प्रश्नचिन्हं ठोकली होती. "वर्गासमोर उभं राहून दाखवा" आणि "अकरा वर्षं" हीदेखील त्याच वाक्याची उत्तरं. ज्यांना शिकवता येत नाही ते पाठ करायला लावतात, हे तिला लागलं होतं, कारण ती शिकवते आणि पाठही करायला लावते. चिडून लिहिलेली जवळजवळ सगळी उत्तरं अशीच असतात, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. समोरच्याने केलेलं विधान बाजूला राहतं आणि जे वाक्य टोचलं त्याच्याशी भांडण सुरू होतं. टोचणारं वाक्य बहुधा शेवटी असतं, आणि लिहिणाऱ्याने ते अनेकदा जाता जाता टाकलेलं असतं.

म्हणून मी ते शेवटचं वाक्य अंगठ्याने झाकलं आणि स्क्रीनशॉट पुन्हा वाचायला सांगितला. अशा वेळी मी हीच चाचणी लावतो. टोमणा झाकल्यावर खाली काही उरतच नसेल तर उत्तर लिहू नये, कारण उत्तर द्यायला तिथे काही नाहीच. इथे भरपूर उरलं होतं. कॅल्क्युलेटर असताना पाढ्यांची गरज नाही, हे एक विधान. समज आणि पाठांतर या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे विधान नव्हे, घडलेली गोष्ट: मुलगी रडत झोपली.

ते वाक्य दुसऱ्यांदा वाचताना बहीण गप्प झाली. रात्री तिने त्याचं "रडारड" करून टाकलं होतं. एका दहा वर्षांच्या मुलीला, जिला तिने पाहिलेलंही नाही. "हे मी वर्गात कुणाला बोलले नसते," ती म्हणाली.

आता पूर्वपक्ष. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची ही जुनी शिस्त आहे: आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आपलं उत्तर त्यानंतर. न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडत सुटायचं ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण कुठल्याही कटकटीला लावतो, पण मूळ अर्थ नेमका आहे. बहिणीचं रात्रीचं उत्तर त्या अर्थाने वितंडाच होतं: पाढे किती यावेत, कोणते, कधीपर्यंत, कशासाठी, यातलं स्वतःचं असं त्यात काहीही नव्हतं.

तिने लिहिलेला पहिला पूर्वपक्ष असा होता: "तुमचं म्हणणं असं दिसतं की मुलांना कुठलेही कष्ट पडू नयेत." मी विचारलं, हे त्या गृहस्थांना वाचून दाखवलं तर ते मान डोलावतील का? नाही. ते म्हणतील, असं मी कुठे म्हटलं? मग हा पूर्वपक्ष नाही. हे आपल्या सोयीने केलेलं बुजगावणं आहे, पाडायला सोपं. दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं, "तुम्हाला पाठांतर आवडत नाही." हेही नाही, त्यांनी आवडीनिवडीचं काही लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला आलं ते असं: "गुणाकाराचा अर्थ मुलीला कळतोय, आकडेमोड यंत्र करून देतं, मग पाठांतरासाठी रडू येईल इतका ताण का द्यायचा?" हे ऐकून ते गृहस्थ म्हणाले असते, हो, हेच.

गंमत अशी की पूर्वपक्ष नीट लिहून झाल्यावर बहिणीचा मतभेद आकाराने निम्मा झाला. अर्थ आधी कळायला हवा, हे ती स्वतःच सांगत असते. एका रात्रीत अख्खा पाढा, हे तिलाही मान्य नाही. आणि बाराचा पाढा? मी विचारलं तेव्हा ती चाचरली. "खरं सांगू? दहापर्यंतचे आले पाहिजेत. बाराचा नाही आला तरी अडत नाही. बारा सत्ते म्हणजे सत्तर आणि चौदा. करता येतं." म्हणजे ज्या पाढ्यावरून एवढं रामायण झालं, त्याच्याबद्दल दोघांचं जवळपास एकमत होतं! मतभेद उरला तो फक्त कॅल्क्युलेटरच्या वाक्याशी.

तो मतभेद मात्र खरा होता, आणि तो पातळ करायचा नव्हता. सौम्य लिहायचं म्हणजे गुळमुळीत लिहायचं, असं पुष्कळांना वाटतं. मग "प्रत्येकाचं आपापलं मत असतं" असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

तर कारण काय? "मी रोज बघते" हे कारण नव्हे, ती साक्ष झाली, आणि अनोळखी माणसाने तुमच्या साक्षीवर विश्वास का ठेवावा? मी म्हटलं, तू जे बघतेस तेच त्यांना दाखव. गटांगळ्या खातो म्हणजे मुलगा नेमकं काय करतो? मग ती सांगू लागली. x² + 15x + 56 चे अवयव पाडायचे आहेत. रीत मुलाला येते: गुणाकार छप्पन्न आणि बेरीज पंधरा होईल अशा दोन संख्या शोधायच्या. तो दोनने भागून बघतो, अठ्ठावीस. तीनने भागून बघतो, जमत नाही. चारने, चौदा. पाच, सहा, नाही. सातपर्यंत येईतो आपल्याला बेरीज किती हवी होती तेच विसरलेला असतो. ज्याला पाढे येतात त्याला छप्पन्न दिसल्या दिसल्या सात आणि आठ दिसतात. ती म्हणाली, "कॅल्क्युलेटर सात आठे किती ते सांगतो. छप्पन्न म्हणजे कोण कोण, ते नाही सांगत."

हे वाक्य तिच्या अकरा वर्षांतून आलेलं होतं आणि रात्रीच्या उत्तरात त्याचा मागमूसही नव्हता. राग आला की माणूस आपलं सर्वांत चांगलं कारणच लिहायला विसरतो.

पण उदाहरण बदलायला हवं होतं. दहा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना बीजगणित दाखवलं तर ते म्हणतील, ते अजून लांब आहे. तेव्हा अपूर्णांक घेऊ. तिने ४२/५६ लिहिलं: दोन्ही सातच्या पाढ्यातले, सहा-आठ, म्हणजे तीन-चतुर्थांश. मी फोनवर भागाकार करून पाहिला, ०.७५ आलं. पाऊण, हे कुणालाही ओळखता येतं. म्हणजे त्यांनी लगेच लिहिलं असतं, "बघा, कॅल्क्युलेटरने सांगितलं की." उदाहरण आपल्याच अंगावर उलटलं असतं. मग ३५/५६ घेतलं. उत्तर ०.६२५. हे पाच-अष्टमांश आहे, हे बघून सहसा कुणी सांगत नाही. असं उदाहरण पाठवण्याआधी समोरच्याच्या बाजूने एकदा वापरून बघावं, दोन मिनिटंही लागत नाहीत.

मध्येच तिने एक अख्खा परिच्छेद कार्यकारी स्मृतीवर घातला. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं की माणसाला मनात एका वेळी सुमारे चारच गोष्टी धरून ठेवता येतात. म्हणून सात आठे आपसूक आठवलं तर बाकीच्या विचाराला जागा उरते. मुद्दा बरोबर, तरी मी तो काढायला लावला. ओळखदेख नसलेल्या माणसापुढे पहिल्याच उत्तरात संशोधकांची नावं टाकली की ती छडीसारखी दिसतात. त्यांनी विचारलंच, तर तेव्हा द्यावीत.

दुसरा मसुदा तयार झाला आणि तो वाचून मला हसू आलं. सुरुवात होती: "आदरणीय महोदय, आपल्या भावनांचा पूर्ण आदर आहे, पण आपण या क्षेत्रातले नसल्यामुळे कदाचित आपल्याला कल्पना नसेल." शिव्या गेल्या होत्या, तोरा तसाच होता. मराठीत 'तुम्ही'वरून अचानक 'आपण'वर गेलं की मान दिल्यासारखं वाटतच नाही, दार लावून घेतल्यासारखं वाटतं. त्यांनी साधं लिहिलंय, तू साधं 'तुम्ही' लिही. आणि "आदर आहे, पण" यातला 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. त्यांचं जे पटतं त्याला पूर्णविराम दे. मतभेद नव्या वाक्यात, नव्या परिच्छेदात सुरू होऊ दे.

तिसऱ्या मसुद्यातून आम्ही बारीक खडे वेचले. 'म्हणे' हा त्यातला पहिला. "कॅल्क्युलेटर आहे म्हणे" यातल्या शेवटच्या दोन अक्षरांत समोरच्याला वेड्यात काढण्याची ताकद आहे. दुसरा 'च': "पालकांमुळेच", "जास्तच". तो जिथे जिथे होता तिथे वाचून पाहिला, आणि नुसत्या ठसक्यासाठी आलेला प्रत्येक काढला. दुहेरी प्रश्नचिन्हं गेली. "जरा विचार करून पाहा" हेही गेलं, कारण त्याचा अर्थ तुम्ही विचार केलेला नाही असाच होतो.

उपरोधाचा एक तुकडा तिला ठेवायचा होता. ती म्हणाली, हलकं वाटेल, विनोद आहे. क्रूगर, एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने, ईमेलने किंवा आवाजात, दुसऱ्याला कळवली. लिहिणाऱ्यांची खात्री होती की आपला सूर पोचेल, पण ईमेल वाचणाऱ्यांना तो ओळखण्यात नाणं उडवून ठरवण्यापेक्षा फारसं जास्त यश आलं नाही. कारण साधं आहे. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज वाजत असतो, वाचणाऱ्यापाशी नुसती अक्षरं असतात. बहिणीच्या ओळखीचे लोक तिचा विनोद ओळखतात. हे गृहस्थ ओळखीचे नव्हते.

एका ठिकाणी मात्र तिने माझं ऐकलं नाही, आणि ते बरोबर केलं. "मी शिकवणी घेते" हे वाक्य मी काढायला सांगत होतो, बढाई वाटेल म्हणून. तिचं म्हणणं, मी कोण आहे हे लपवून लिहिलं तर ते अप्रामाणिक होईल, आणि त्यांनी शेवटी जे लिहिलंय ते माझ्यासारख्यांबद्दल आहे हे त्यांना कळू दे. मग "अकरा वर्षं" काढलं आणि नुसतं "शिकवते" ठेवलं.

शेवटी गेलं ते उत्तर असं:

"मुलगी रडत झोपली हे वाचून वाईट वाटलं. मी गणित शिकवते, आणि एका रात्रीत अख्खा पाढा पाठ करायला सांगणं मलाही पटत नाही. बाराचा तर पाठ नसला तरी चालतो. बारा सत्ते म्हणजे सत्तर आणि चौदा, एवढं करता आलं की झालं.

तुमचं म्हणणं मला असं समजलं: गुणाकाराचा अर्थ तिला कळतोय, आकडेमोड यंत्र करून देतं, मग रडू येईल इतका ताण कशासाठी? अर्थ आधी कळायला हवा, हे मला पूर्ण मान्य आहे.

कॅल्क्युलेटरबद्दल माझं मत वेगळं आहे. सात आठे किती, ते तो सांगतो. छप्पन्न दिसल्यावर त्यात सात आणि आठ आहेत, हे तो सुचवत नाही, आणि पुढे गणितात वारंवार तेच लागतं. ३५/५६ ला सोपं रूप द्यायचं असेल तर कॅल्क्युलेटर ०.६२५ दाखवतो. ते ५/८ आहे हे कळायला दोन्ही संख्या सातच्या पाढ्यातल्या आहेत हे दिसावं लागतं. ज्यांना ते दिसत नाही अशी मुलं रीत येत असूनही मध्येच अडकतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून दहापर्यंतचे पाढे तोंडी असावेत असं मला वाटतं, पण रोज थोडे, वेळ घेऊन. तिचं नेमकं कुठे अडतं? माझ्याकडच्या मुलांचं बहुतेक वेळा सहा, सात, आठ यांच्या आपसातल्या गुणाकारांत अडतं, बाकीचे त्यांना येत असतात."

शेवटचा प्रश्न खरा आहे की नाही, यावर आमचं थोडं बोलणं झालं. "तुम्ही कधी वर्गात शिकवलंय का?" हादेखील प्रश्नच, पण त्याचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. "कुठे अडतं?" याचं उत्तर बहिणीला माहीत नव्हतं आणि तिला ते हवं होतं. फरक तेवढाच. तिच्या मूळ मजकुरातलं एकमेव मुद्द्याचं वाक्य, गटांगळ्यांचं, इथे एका परिच्छेदाचं झालं आहे. बाकी नवांपैकी एकही उरलेलं नाही, आणि तरीही तिने आपल्या मतातलं काही सोडलं आहे असं मला दिसत नाही.

दुपारी त्या गृहस्थांचं उत्तर आलं. कॅल्क्युलेटरबद्दल त्यांचं मत बदललेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "अपूर्णांकाचं पटतंय, पण मग संख्येत काय काय आहे हे शोधायला शिकवा ना, पाढा कशाला?" हा चांगला प्रश्न आहे, आणि बहिणीला त्यावर दोन दिवस विचार करावा लागला. खाली आणखी एक ओळ होती: "सहा सत्ते आणि सात आठेलाच अडते. तुम्हाला कसं कळलं?"

शिकवता न येणाऱ्यांबद्दलचं ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही. बहिणीने फोन केला तेव्हा ती खुशीत होती, तरी ठेवता ठेवता म्हणाली, "ते अजून टोचतंय हं, दादा."